जसंच्या तसं परत आलेलं वाक्य

(भाषांतरकार आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. नैराश्याच्या एका प्रश्नावलीचं मराठी भाषांतर आमच्याकडे तपासायला आलं होतं, तिथपासून सुरुवात करते. तिच्या शेवटच्या प्रश्नात ‘स्वतःला दुखावण्याचे विचार’ असे शब्द होते. बॅक ट्रान्सलेशन, म्हणजे उलट भाषांतर करणाऱ्यानं त्याचं इंग्रजी केलं ‘हर्टिंग युवरसेल्फ’. मूळ इंग्रजीतही तेच शब्द होते. तक्त्यात दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी, अक्षरशः सारखी. समितीनं पुढे बरोबरची खूण केली आणि सगळे पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मग पायलट सुरू झालं, म्हणजे थोड्या माणसांना हे प्रश्न विचारून पाहणं. एका बाईंनी या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर दिलं. मुलाखत घेणारी घाबरली आणि तिनं हळूच विचारलं, ‘ताई, स्वतःला दुखावणं म्हणजे तुमच्या मनात काय आलं?’ त्या म्हणाल्या, ‘मी फार मनाला लावून घेते हो. कुणी काही बोललं की दिवसभर तेच डोक्यात.’

मराठीत ‘दुखावणं’ हे बहुतेक वेळा मनाचं असतं. माणूस दुखावतो, भावना दुखावतात. इंग्रजीतला ‘हर्ट’ शरीरालाही लागतो आणि मनालाही. इथल्या प्रश्नाला शरीराची इजा अभिप्रेत आहे. भाषांतरकारानं शब्दकोशातला पहिला शब्द उचलला, उलट भाषांतर करणाऱ्यानंही शब्दकोशातलाच पहिला शब्द उचलला, आणि दोघं एकाच रस्त्यानं गेले नि आले. वाक्य सुखरूप परतलं आणि अर्थ वाटेत राहिला. आज मला बोलायचंय ते याच प्रकाराबद्दल. उलट भाषांतर काय पकडतं, काय पकडू शकत नाही, आणि त्याच्या हातून निसटलेलं कुठे सापडतं.

उदाहरणासाठी मी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली घेणार आहे, कारण ती लहान आहे आणि तुमच्यातल्या बहुतेकांनी ती वापरली आहे. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी तिच्याबद्दलचा मूळ अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. नैराश्याची नऊ लक्षणं, प्रत्येकासाठी एक प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला, याची चार उत्तरं, त्यांना ० ते ३ गुण, आणि एकूण बेरीज ० ते २७. पाच, दहा, पंधरा आणि वीस या गुणांवर तीव्रतेच्या पायऱ्या बदलतात. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले, तर पुढे नीट तपासायला हवं असं धरतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीची भोकं मात्र शब्दांची असतात. शब्द बदलला की भोकाचा आकार बदलतो, आणि त्यातून कोण खाली पडेल आणि कोण वर राहील तेही बदलतं. या प्रश्नावलीची मराठीसकट अनेक भाषांत भाषांतरं वापरात आहेत. त्यांतल्या कुठल्याही एकावर मी बोट ठेवत नाहीये. आपण कोऱ्या कागदापासून सुरुवात करू, म्हणजे निर्णय कुठे घ्यावे लागतात ते दिसेल.

पद्धत थोडक्यात सांगते, कारण ती तुम्हाला माहीत आहे. दोन भाषांतरकार, दोघांचीही मातृभाषा मराठी, एकमेकांशी न बोलता इंग्रजीतून मराठी करतात. यातल्या एकाला नैराश्य या विषयाची माहिती असते आणि दुसऱ्याला मुद्दाम नसते. हा दुसरा फार मोलाचा, कारण त्याच्या हातून लोकांची भाषा उतरते. मग दोन्ही मसुदे समोर ठेवून एक जोड मसुदा करायचा, आणि कुठला शब्द का निवडला हे लिहून ठेवायचं. हा जोड मसुदा दोन वेगळ्या माणसांकडे जातो. त्यांनी मूळ इंग्रजी पाहिलेलं नसतं. ते मराठीचं इंग्रजी करतात. त्यानंतर समिती सगळे कागद मांडून बसते आणि पायलटसाठीचा मसुदा ठरवते. पायलटला साधारण ३० ते ४० माणसं घ्यावीत, असं बीटन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या मार्गदर्शक लेखात सांगितलं आहे. उलट भाषांतराची पद्धत त्याहून जुनी. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ती नीट मांडली आणि तेव्हापासून ती जणू शिक्क्यासारखी वापरली जाते. अहवालात ‘बॅक ट्रान्सलेशन केले’ एवढं एक वाक्य टाकलं की भाषांतराबद्दल पुढे कुणी विचारत नाही.

पण त्या पद्धतीतच एक गृहीतक आहे. उलट भाषांतर करणाऱ्याला मूळ वाक्य माहीत नाही, असं आपण धरून चालतो. मराठीच्या बाबतीत हे पाळणं खरंच अवघड आहे. मातृभाषा इंग्रजी आणि बोलीभाषेतलं मराठी उत्तम समजतं, अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. म्हणून आपण दोन्ही भाषा येणारी मराठी माणसं घेतो. ती हुशार असतात. ओबडधोबड मराठी वाक्य समोर आलं की त्यामागचं इंग्रजी त्यांना लगेच दिसतं, आणि ती मराठीचं भाषांतर न करता त्यामागच्या इंग्रजीचा अंदाज बांधून तो लिहितात. मानसोपचार क्षेत्रातला माणूस घेतला तर आणखी पंचाईत. त्याला पीएचक्यू-९ पाठच असते. म्हणजे भाषांतर जितकं शब्दाला शब्द, जितकं इंग्रजी वळणाचं, तितकं ते सुरेख परत येतं. आणि एखाद्यानं खरोखर मराठी लिहिलं असेल, तर ते परत येताना वेगळं दिसतं नि समिती त्यालाच दोष देते. मी अशा बैठकीत बसले आहे आणि चांगलं वाक्य खोडलं जाताना पाहिलं आहे. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

आता दुसरा प्रश्न घेऊ. मूळ शब्द आहेत ‘फीलिंग डाउन, डिप्रेस्ड, ऑर होपलेस’. तीन साधे, रोजच्या बोलण्यातले शब्द. आपल्या पहिल्या भाषांतरकारानं, ज्याला विषय माहीत आहे त्यानं, लिहिलं: ‘उदास, नैराश्यग्रस्त किंवा निराश वाटणे’. उलट भाषांतर आलं: ‘फीलिंग सॅड, डिप्रेस्ड ऑर होपलेस’. जवळपास मूळच.

पण इंग्रजीत माणूस सहज म्हणतो की आज जरा डिप्रेस्ड वाटतंय. मराठीत ‘मी नैराश्यग्रस्त आहे’ असं सहज कुणी म्हणत नाही. ‘नैराश्य’ हा शब्द आपल्याला भेटतो तो बहुतेक करून बातमीत, आणि त्या बातमीत पुढे आत्महत्या असते. हा शब्द ऐकणारा माणूस स्वतःला विचारतो, ‘मला तो आजार आहे का?’ आणि उत्तर देतो, ‘नाही, माझं तेवढं काही झालेलं नाही.’ म्हणजे आपण लक्षण विचारायला गेलो आणि त्यानं निदानाला उत्तर दिलं. तिसरा शब्द ‘निराश’. आपला संघ हरला तरी आपण निराश होतो. त्या शब्दात अपेक्षाभंग आहे. पुढे काही चांगलं घडेल ही आशाच विझून जाणं, हे त्यात पुरेसं येत नाही. म्हणजे मधला शब्द फार जड झाला आणि शेवटचा हलका. परत आलेल्या इंग्रजीत यातलं काहीही दिसत नाही, कारण शब्दाचं वजन आणि त्याला चिकटलेली भीती उलट भाषांतरात येतच नाही.

दुसऱ्या भाषांतरकारानं, विषय माहीत नसलेल्यानं, लिहिलं होतं: ‘मन उदास होणं, खचल्यासारखं वाटणं, किंवा पुढे काही चांगलं होईल असं न वाटणं’. याचं उलट भाषांतर लांबलचक आलं आणि त्यात ‘डिप्रेस्ड’ हा शब्द कुठेच नव्हता. समितीतल्या एकांनी लगेच विचारलं, ‘अहो, नैराश्याच्या प्रश्नावलीत नैराश्यच नाही?’ माझं मत विचाराल तर हाच मसुदा पुढे न्यायला हवा. ‘खचणं’ हा शब्द न शिकलेल्या माणसालाही कळतो, त्याला लाज चिकटलेली नाही, आणि मन आणि शरीर दोन्ही बसल्याचं त्यात येतं. पण माझं मत हा पुरावा नव्हे. तो पायलटमधून यायला हवा. दोन्ही वाक्यं पायलटमध्ये न्यावीत, निम्म्या लोकांना एक आधी आणि उरलेल्यांना दुसरं आधी विचारावं, आणि मग बोलतं करावं.

सहाव्या प्रश्नात वेगळीच गुंतागुंत आहे. आपण अपयशी आहोत, किंवा आपण स्वतःला वा कुटुंबाला ‘लेट डाउन’ केलं, असं वाटणं. ‘कुटुंबाला निराश केलं’ हे शब्दशः भाषांतर. व्याकरण बरोबर आहे, पण घरात असं कुणी बोलत नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘घरच्यांना मान खाली घालायला लावली’. हे अस्सल मराठी आहे, पण त्यात चारचौघांतली लाज आली. मूळ प्रश्न आतल्या अपराधीपणाचा आहे. लोकांना काही कळलेलं नसतानाही जो माणूस आतून स्वतःला टोचत राहतो, तो या वाक्याला ‘नाही’ म्हणेल. आणखी एक पर्याय, ‘घरच्यांच्या अपेक्षा पूर्ण न करणं’. याला तर ज्याला काहीही झालेलं नाही तोही ‘हो’ म्हणेल. आम्ही बराच वेळ घासाघीस करत होतो. शेवटी समितीतल्या एका परिचारिका म्हणाल्या, ‘आमच्याकडे पेशंट म्हणतात, मी घरच्यांना कमी पडलो.’ सगळे एकदम थांबले. ‘आपण घरच्यांना कमी पडलो असं वाटणं.’ त्यात अपराधीपण आहे, दुसऱ्या कुणाची नजर नाही, आणि प्रश्न वाचून दाखवला तरी जिभेला अडखळायला होत नाही. भाषांतरकार आणि डॉक्टर यांच्याबरोबर, रुग्णांचं बोलणं रोज ऐकणारं कुणीतरी समितीत असावं, असं मी सांगते ते यासाठी.

हे शब्दांचं झालं. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं नुकसान प्रश्नांत होत नाही, ते उत्तरांच्या पर्यायांत होतं. तिकडे कुणाचं लक्षच नसतं. पर्याय चारच, आणि दिसायला सोपे. ‘नॉट अॅट ऑल’, ‘सेव्हरल डेज’, ‘मोअर दॅन हाफ द डेज’, ‘निअरली एव्हरी डे’. यातल्या ‘सेव्हरल डेज’चं शब्दकोशातलं मराठी ‘अनेक दिवस’. उलट भाषांतर पुन्हा ‘सेव्हरल डेज’. समितीनं खूण केली.

पायलटमध्ये आपण एका आजींना विचारू, ‘आजी, गेल्या पंधरा दिवसांतले अनेक दिवस म्हणजे किती?’ अशा प्रश्नाला मी ‘दहा तरी’ हे उत्तर ऐकलंय, ‘आठ-दहा’ ऐकलंय, आणि ‘जवळजवळ सगळेच’ हेही ऐकलंय. मराठीत ‘अनेक’ म्हणजे पुष्कळ. आता पुढचा पर्याय बघा, ‘अर्ध्याहून अधिक दिवस’. तो ‘अनेक’च्या वर आहे की खाली? शिडीच्या दोन पायऱ्या एकमेकींत शिरल्या. आणि ज्याला चौदापैकी तीन दिवस झोप लागली नाही, त्याच्यासाठी पायरीच उरली नाही. तीन म्हणजे काही ‘अनेक’ नव्हेत. तो ‘अजिबात नाही’ वर खूण करतो.

याचा गुणांवर काय परिणाम होतो ते एका माणसावरून पाहू. समजा, त्याला सात लक्षणं आहेत. तीन लक्षणं चौदापैकी नऊ-दहा दिवस, आणि चार लक्षणं तीन-चार दिवस. मूळ मोजणीनं पहिल्या तिनांना प्रत्येकी २, म्हणजे ६. उरलेल्या चारांना प्रत्येकी १, म्हणजे ४. बेरीज १०. हा माणूस चाळणीवर राहतो आणि कुणीतरी त्याच्याशी बोलतं. आता पर्याय ‘अनेक दिवस’ ठेवा. तीन-चार दिवसांच्या चारही लक्षणांना त्यानं ‘अजिबात नाही’ म्हटलं. बेरीज ६. त्यातून नऊ-दहा दिवसांच्या लक्षणांना त्यानं ‘अनेक’ म्हटलं, जे मराठीत अगदी बरोबरच आहे, तर तिथे २ ऐवजी १ मिळाला. बेरीज उरली ३. माणूस तोच, त्रास तोच, आणि दहावरून तीनवर. एका शब्दानं.

ही चूक आकडेवारीतही सहज सापडत नाही, हे नीट समजून घ्या. बरेच जण म्हणतात, आमचा क्रॉनबाख अल्फा ०.८ च्या वर आला, म्हणजे भाषांतर चांगलं. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्नांची उत्तरं एकमेकांबरोबर चढतात-उतरतात. पर्यायातली चूक नऊही प्रश्नांना सारखीच लागू होते. सगळी उत्तरं एकत्र खाली सरकतात, त्यांचं आपसातलं नातं बरंचसं टिकतं, आणि अल्फा छान दिसतो. तराजूच मुळात कमी दाखवत असेल, तर त्यावर नऊ वेळा वजन केल्यानं तो सुधारत नाही.

उपाय साधा आहे. ‘सेव्हरल’ला ‘काही दिवस’. आणि ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ याचीही एकदा परीक्षा घ्या. प्रश्न वाचून दाखवला जात असेल, तर ऐकणाऱ्याच्या कानावर कधीकधी ‘अर्ध्या दिवसाहून अधिक’ पडतं. तो दिवस मोजायचे सोडून दिवसातले तास मोजू लागतो. ‘हो, दुपारनंतर रोज वाटतं’ असं उत्तर आलं की समजावं, गल्लत झाली आहे. म्हणून दिवस आकड्यात सांगावेत: सातपेक्षा जास्त दिवस. इथे आपल्या भाषेची एक गंमत कामाला येते. ‘दोन आठवडे’ला आपण बोलताना ‘पंधरा दिवस’च म्हणतो. चौदाचा निम्मा सात, पंधराचा निम्मा साडेसात. ‘सातपेक्षा जास्त’ दोन्हीकडे बरोबर बसतं. मात्र ‘आठ-पंधरा दिवसांत’ असं आपण फार सैलपणे बोलतो, तेव्हा ‘पंधरा दिवस’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर महिनाही येऊ शकतो. विचारणाऱ्यानं वाराचा आधार द्यावा: ‘आज शुक्रवार. मागच्याच्या मागच्या शुक्रवारपासून आजपर्यंत.’ हे वाक्य सूचनेत छापूनच टाकावं, विचारणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये.

सुरुवातीच्या सूचनेत आणखी एक शब्द लपलेला आहे. मूळ प्रश्न विचारतो की या गोष्टींनी तुम्हाला किती दिवस ‘बॉदर’ केलं. आपण लिहितो ‘त्रास झाला’. बहुतेक लक्षणांना ते चालतं. पण जास्त झोप लागणं हेही याच यादीत आहे. एक काका म्हणाले होते, ‘झोप खूप लागते, पण तिचा त्रास कसला? तेवढीच शांतता.’ आणि खूण ‘अजिबात नाही’ वर. कशातच रस न वाटण्याचंही तसंच. ज्याला खरोखर कशातच रस उरला नाही, त्याला रस नसल्याचा त्रासही होतोच असं नाही. म्हणून ‘खालीलपैकी कोणती गोष्ट तुमच्या बाबतीत किती दिवस घडली, किंवा तिचा किती दिवस त्रास झाला’ असं लिहायचं का, यावर वाद होऊ शकतो. मूळ प्रश्नापासून हे एक पाऊल दूर आहे. मी ते पाऊल टाकायच्या बाजूची आहे, पण ते टाकलं असं अहवालात स्पष्ट लिहायचं.

बाकीचे प्रश्न भराभर संपतात. थकवा, भूक यांचे प्रश्न भाषांतराला फार त्रास देत नाहीत. एकाग्रतेच्या प्रश्नात वर्तमानपत्र वाचण्याचं आणि टीव्ही पाहण्याचं उदाहरण आहे. न वाचणाऱ्या माणसासाठी तिथे दुसरं काम घालावं लागतं, फक्त ते तितकंच लक्ष मागणारं असावं. हात सवयीनं करतात असं काम घातलं, तर प्रश्न सोपा होऊन बसतो.

आता पायलट कसं करायचं ते. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा, आणि इथेच सगळ्यात कमी दिला जातो. बहुतेक ठिकाणी पायलट म्हणजे तीस जणांकडून कागद भरून घ्यायचे आणि शेवटी विचारायचं, ‘समजलं ना सगळं?’ समोर शिकलेला माणूस कागद घेऊन बसलेला असताना ‘नाही समजलं’ असं कोण म्हणेल? सगळे ‘हो’ म्हणतात, आणि अहवालात येतं की प्रश्नावली सर्वांना समजली.

त्याऐवजी कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू करा. मराठीत मी त्याला अर्थाची मुलाखत म्हणते. आधी माणसाला न अडवता सगळे प्रश्न पूर्ण करू द्या, म्हणजे खरी उत्तरं हाती येतील. मग पहिल्या प्रश्नावर परत या आणि विचारा, ‘हा प्रश्न तुम्ही शेजारच्या माणसाला विचारणार असाल, तर कसा विचाराल?’ त्यातून तुम्हाला फुकटात त्याची भाषा मिळते. मग विचारा, ‘तुम्ही काही दिवस असं म्हणालात. कुठले दिवस आठवले?’ त्यातून कळतं की त्यानं मोजलं, की नुसता अंदाज दिला. आणि शब्दावर बोट ठेवून, ‘इथे खचणं म्हणजे तुमच्या मनात काय आलं?’ एका मुलाखतीला तासभर लागतो. म्हणून सगळे तीस-चाळीस जण एकदम घेऊ नका. आठ-दहा जण घ्या, थांबा, सगळ्यांची उत्तरं प्रश्नवार एकत्र लिहा, मसुदा दुरुस्त करा आणि मग पुढचे आठ-दहा. पहिल्या फेरीत शब्द बदलतात. दुसऱ्या फेरीत, पहिल्या फेरीच्या दुरुस्तीनं झालेल्या नव्या चुका सापडतात. त्या हमखास असतात.

माणसं निवडताना ज्यांना नैराश्य आहे असे आणि नाही असे, दोन्ही हवेत. निरोगी माणूस ‘खचल्यासारखं’ची व्याख्या सांगेल. जो त्यातून जातोय तो सांगेल की हा शब्द त्याच्या अनुभवाला पुरतो की नाही. स्वतः वाचणारे हवेत आणि ज्यांना वाचून दाखवावं लागतं तेही हवेत, कारण कानाला लागणाऱ्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत.

आता पुन्हा नवव्या प्रश्नाकडे, जिथून सुरुवात केली. त्याचा पहिला भाग असा, की मेलेलं बरं असे विचार येणं. याचं सरळ भाषांतर ‘तुम्ही मेलात तर बरं होईल असे विचार’. हे मोठ्यानं वाचून बघा. समोरच्याच्या तोंडावर शिव्याशाप दिल्यासारखं वाटतं. विचारणारा कचरतो, आवाज खाली घेतो, घाईघाईनं पुढे जातो, आणि त्याच्या कचरण्यावरूनच समोरच्याला कळतं की इथे ‘नाही’ म्हणायचं असतं. उलट भाषांतर हे कधीच सांगणार नाही, कारण ते मोठ्यानं बोललं जात नाही. ‘यापेक्षा मरण आलेलं बरं, असा विचार मनात येणं’ असं केलं की ‘तुम्ही’ निघून जातं आणि वाक्य लोक स्वतःबद्दल बोलतात तसं होतं. दुसऱ्या भागासाठी कुणी ‘जिवाचं बरंवाईट करून घेणं’ सुचवतं. अतिशय ओळखीचा, हळुवार शब्दप्रयोग. पण त्याचा अर्थ फक्त आत्महत्या असा होतो. जो मरायचं म्हणत नाही, पण स्वतःला चटके देतो किंवा कापून घेतो, तो त्यातून सुटतो. ‘स्वतःला काही इजा करून घ्यावी असा विचार’ हे कमी गोड आहे, पण शरीराबद्दल आहे आणि त्यात दोन्ही बसतात.

हा प्रश्न पायलटमध्ये विचारताना आपण भाषेची परीक्षा घेत असलो, तरी समोरचा खरं उत्तर देत असतो. म्हणून पहिली मुलाखत होण्याआधी ठरलेलं हवं: या प्रश्नाला १ किंवा जास्त गुण आले, तर त्याच दिवशी, तो माणूस उठून जाण्यापूर्वी, त्याच्याशी कोण बोलणार. ते बोलणं प्रशिक्षित माणसानंच करायचं. स्पष्ट विचारायचं: विचार येतात की काही ठरवलंही आहे, साधन हाताशी आहे का, घरी सोबत कोण आहे. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येतो, ही भीती खरी नाही. अशी व्यवस्था करणं शक्यच नसेल, तर हा प्रश्न वगळलेली आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ आहे, ती घ्यावी. पण प्रश्न विचारायचा आणि उत्तर फक्त तक्त्यात भरायचं, हे करू नये. आणि त्या ताईंसारखं उत्तर आलं, तर ‘शब्दाचा घोटाळा असेल’ असं मनाशी ठरवून सोडून द्यायचं नाही. आमच्या मुलाखतकारानं विचारलं, म्हणून तो घोटाळा होता हे कळलं. कुणाच्या बाबतीत तो नसेल.

हे सगळं झालं तरी एक आकडा अजून उधारीचाच असतो. दहा. मूळ अभ्यासात ५८० रुग्णांच्या स्वतंत्र मुलाखती घेतल्या होत्या, आणि दहाच्या सीमेवर संवेदनशीलता, म्हणजे नैराश्य असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण, ८८ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे नसलेल्यांना बाजूला ठेवण्याचं प्रमाण, ८८ टक्के आली होती. ते इंग्रजी शब्दांचे गुण आहेत आणि त्या लोकांचे. आपण शब्द बदलले, पर्याय बदलले, सूचना बदलली. मराठीत ही सीमा नऊवर बसेल, अकरावर बसेल किंवा दहावरच राहील. ते कळण्यासाठी पायलटनंतर वेगळा अभ्यास करावा लागतो. मोठ्या गटाला प्रश्नावली द्यायची, आणि तिचे गुण माहीत नसलेल्या तज्ज्ञानं त्याच लोकांची आखीव निदान-मुलाखत थोड्याच दिवसांत घ्यायची. मग दोन्ही ताडून पाहायचं. तीस-चाळीस जणांच्या पायलटमधून ही सीमा काढता येत नाही. तोपर्यंत अहवालात एवढंच लिहायचं की शब्द तपासले आहेत, सीमा अजून तपासलेली नाही.